नगर ते पुणे : किती सीसीची गाडी?

कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले असले तरी एस.टी. स्टँडवर उभे राहून 'नगर-पुणे' असेच म्हटले जाते. या रस्त्यावर आमच्या घराचे येणे-जाणे गेल्या दोन वर्षांत फार वाढले. थोरली मुलगी पुण्यात आझम कॅम्पसमध्ये शिकायला गेली. दर पंधरवड्याला, कधी दर आठवड्याला तिच्याकडे जाणे होते. एका बाजूने १२० किलोमीटर, जाऊन-येऊन २४०. सकाळी फजरनंतर निघायचे आणि मगरीबपर्यंत घरी यायचे, असा बेत असतो. बरोबर मुलांच्या अम्मी, मध्ये डब्याची पिशवी, कधी पांघरूण, कधी पुस्तके.

घरात गाडी शंभर सीसीची. शाळेत जाण्यासाठी, बाजारासाठी ती उत्तम. पण मुलीच्या निमित्ताने हायवे रोजचाच झाल्यावर घरात चर्चा सुरू झाली. भाचा म्हणे, "मामू, आता ३५० घ्या." मेहुणे म्हणाले, "भाईजान, १६० पुरे." अम्मीचे म्हणणे, एस.टी. काय वाईट आहे? त्यांचेही खोटे नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, आणि दोघांनाच जायचे असेल तर ती स्वस्तच पडते. पण वाघोलीपासून पुढची कोंडी, स्टँडवरून कॅम्पपर्यंत रिक्षा आणि परतीच्या गाडीची वेळ हे सगळे धरले की त्याच दिवशी परत येणे अवघड होते. म्हणून आम्ही भाच्याची ३५० आणि मेहुण्यांची १६० मागून घेतली आणि आपल्या गाडीसह तिन्ही गाड्यांवर हाच रस्ता केला. जे कळले ते इथे मांडतो, कारण आपल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न येतो. कुणाची बदली जामखेडला होते, कुणाचा धंदा संभाजीनगरला असतो, कुणाचे आई-वडील श्रीरामपूरला असतात.

आधी रस्ता समजून घेऊ. केडगाव सोडले की चास, मग कामरगावचा घाट. घाट मोठा नाही, पण दोन माणसे आणि सामान असले की इंजिनाची पहिली परीक्षा तिथेच होते. पुढे सुपे. सुप्याच्या बाजूला कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. लहान मुलांना त्या दाखवायला बऱ्या, पण मोटारसायकलवाल्याने त्यांचा दुसरा अर्थ घ्यावा. पवनचक्की उभारणारे आधी वारा मोजतात. या पठारावर वारा भरपूर आहे म्हणूनच त्या तिथे आहेत. आषाढ-श्रावणात हा वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, आणि नगरहून पुण्याला जाणाऱ्याचे तोंडही त्याच दिशेला असते. म्हणजे जाताना वारा छातीवर, येताना पाठीवर. पावसाळ्यात एकच गाडी जाताना मरगळलेली आणि येताना ताजीतवानी का वाटते, त्याचे कारण गाडीत नसून हवेत आहे.

सुप्यानंतर नारायणगव्हाण, मग घोड नदी ओलांडून शिरूर. नदीपलीकडे पुणे जिल्हा लागतो. पुढे रांजणगावची एम.आय.डी.सी., मग शिक्रापूर. शिक्रापूरपासून कोरेगाव भीमा, वाघोली ते कॅम्प, हा शेवटचा टप्पा जवळजवळ ४० किलोमीटरचा, आणि तिथे कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि सिग्नल. तिथे शंभर सीसी काय आणि साडेतीनशे काय, सगळे पहिल्या-दुसऱ्या गिअरात. म्हणजे मोकळा रस्ता फक्त ८० किलोमीटरचा. तो ताशी ५८ ने गेले तर ८३ मिनिटे, ७० ने गेले तर ६९ आणि ८० ने गेले तर ६०. शंभर सीसीवरून १६० वर आल्यास एका बाजूला सुमारे १४ मिनिटे वाचतात, आणि १६० वरून ३५० वर गेल्यास आणखी नऊ. वेळ वाचवण्यासाठी मोठे इंजिन घेतो म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

आणि ८० च्या पुढचा विचारच नको. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली मोटारसायकलची कमाल मर्यादा चौपदरी रस्त्यावर ताशी ८० आहे, साध्या रस्त्यावर ६०. दुकानात 'सव्वाशे पळते' म्हणून सांगितलेली गाडी या जिल्ह्यात कायद्याने कुठेच सव्वाशेने पळवता येत नाही. कोपरगाव-शिर्डीकडून समृद्धी महामार्ग जातो खरा, पण त्यावर दुचाकीला मनाईच आहे.

मग मोठे इंजिन कशासाठी? ताकद शिल्लक राहावी म्हणून. आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

शंभर सीसीच्या वर्गात घरोघरी दिसणारी गाडी म्हणजे स्प्लेंडर. तिचे इंजिन ९७.२ सीसीचे, ताकद साधारण ८ अश्वशक्ती, गाडीचे वजन ११२ किलो, गिअर चार. दोन माणसे आणि सामान मिळून १४५ किलो धरा. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी ६० ने जायला या ओझ्याला अंदाजे साडेतीन अश्वशक्ती लागते. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद हातात शिल्लक आहे. म्हणूनच ६० ला ही गाडी तासन् तास कुरकूर न करता चालते. पण ८० केले की सातच्या पुढे लागते. वेग वाढला तिसऱ्या हिश्श्याने, ताकद लागली दुप्पट. कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. आमच्या वर्गातल्या मुलांना आम्ही हे सायकलवरून समजावतो : हळू चालवताना हवा जाणवतही नाही, आणि जोरात मारली की तीच हवा भिंतीसारखी उभी राहते.

आता यात सुप्याचा वारा मिळवा. समोरून ताशी २० चा वारा असला तर ६० लाच साडेपाच अश्वशक्ती लागते. त्यात शंभर मीटरला पाच मीटर असा चढ आला की साडेआठ. इंजिनाजवळ आहेत आठ. म्हणजे ताशी ६० सुद्धा टिकत नाही. चौथ्या गिअरमध्ये गाडी दम टाकते, तिसऱ्यात घातली की ओरडू लागते, आणि मागून आलेला ट्रक हॉर्न देत राहतो. चार गिअरच्या गाडीत तिसऱ्या आणि चौथ्यामधली ही दरी चढावर फार जाणवते. पाच गिअरच्या गाडीत दोन गिअरमधले अंतर कमी असल्यामुळे चढाला जुळेल असा गिअर सापडतो.

शिल्लक ताकद नसण्याचा खरा धोका ओव्हरटेक करताना समोर येतो. पुण्याचा रस्ता चौपदरी आहे, तिथे समोरून वाहन येत नाही. पण नगरहून टाकळी ढोकेश्वरमार्गे कल्याणकडे किंवा जामखेडकडे जाऊन पाहा. तिथे दुपदरी भाग लागतात. समजा पुढे ५५ ने चाललेला ट्रक आहे. त्याच्या २० मीटर मागून सुटून त्याच्या २० मीटर पुढे आपल्या बाजूला यायचे, म्हणजे ट्रकची लांबी धरून सुमारे ५० मीटर जास्त काटायचे. गाडी झटकन ७५ ला गेली तर हे काम ९ सेकंदांत होते. त्या वेळात आपण १९० मीटर जातो आणि समोरून ८० ने येणारी गाडी २०० मीटर. म्हणजे चारशे मीटर रस्ता मोकळा हवा. पण गाडी रडतखडत ६५ पर्यंतच पोहोचली तर तेच काम १८ सेकंद घेते आणि मोकळा रस्ता हवा सातशे मीटरच्या वर. एवढा लांबचा रस्ता आपल्या वळणावळणांत दिसतो कुठे? शंभर सीसीवाल्याने अशा ठिकाणी ट्रकच्या मागे राहणेच योग्य. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, संध्याकाळी त्यांच्या मागे लाल दिवाही नसतो. ते हळू असल्याने ओलांडायला सोपे, पण दिसल्यावर थांबायला ब्रेक हवा.

ब्रेकवरून एक गोष्ट आठवली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे आहे. १२५ पर्यंतच्या गाडीला सीबीएस चालते, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. एबीएसमध्ये जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरत नाही. ओल्या रस्त्यावर, मागे माणूस बसलेले असताना, आम्हाला १६० सीसीतली ही गोष्ट तिच्या ताकदीपेक्षा जास्त मोलाची वाटली. अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते, ते विचारून घ्यावे.

भाच्याच्या ३५० विषयी सांगतो. क्लासिक ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे, ताकद २० अश्वशक्ती, आणि ओढ २७ न्यूटन मीटर, तीही अवघ्या ४००० फेऱ्यांना. स्प्लेंडरची ओढ ८ न्यूटन मीटर, ६००० फेऱ्यांना. माहितीपत्रकात सगळे सीसी पाहतात. आमचे म्हणणे, सीसीपेक्षा हा न्यूटन मीटरचा आकडा आणि तो किती फेऱ्यांना मिळतो ते पाहावे. कमी फेऱ्यांना जास्त ओढ मिळाली की चढावर गिअर पाडावा लागत नाही. कामरगावचा घाट आम्ही पाचव्यातच चढलो. मुलांच्या अम्मी शिरूरला उतरल्यावर म्हणाल्या, "आज पाठ दुखत नाही." ताशी ८० ला शंभर सीसीचे इंजिन मिनिटाला सात हजारांच्या पुढे फिरते, हे साधारण त्याच्या निम्म्याने. थकवा त्या फिरण्यातूनच अंगात उतरतो.

पण त्याच गाडीचे वजन १९५ किलो. झेंडीगेटच्या गल्लीत ती वळवताना आम्हाला दोन पोरांची मदत घ्यावी लागली. घराच्या उंबऱ्यावरून आत घेणे तर सोडाच. कॅम्पात पार्किंगमधून मागे ओढतानाही घाम निघाला. वयाच्या चाळिशीनंतर गुडघा असा मधूनच आठवण देतो. शाळा, बाजार, दूध, मशीद यासाठी रोज अशी गाडी काढणे आम्हाला तरी जमणारे नाही. जिथे दुसरी छोटी गाडी घरात राहणार आहे, तिथे गोष्ट वेगळी.

आता एक मुद्दा, जो शोरूमवाले सांगत नाहीत आणि आपल्या घरांत सगळ्यात आधी पाहायला हवा : बुरखा, ओढणी, साडीचा पदर. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना पूर्ण झाकलेली चेन असते. मोठ्या गाड्यांवर बऱ्याचदा चेनवर फक्त वरून पट्टी, बाकी उघडी. मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा भाग कपडे अडकणार नाहीत असा झाकलेला हवा, आणि मागच्याला धरायला हँडल व पाय ठेवायला जागा हवी. तरुण मुले गाडी 'छान दिसावी' म्हणून हा गार्ड काढून टाकतात. जुनी गाडी घेताना आधी तो आहे का पाहावे. ताशी ७०-८० ला वाऱ्याने बुरख्याचा घेर मागे उडतो, तो चाकाकडेच जातो. हायवेवर बाईने एका बाजूला पाय सोडून बसणे आम्हाला पटत नाही. आडवा वारा आणि ट्रकचा झोत आला की तोल जातो. सैल सलवारवर दोन्हीकडे पाय टाकून, बुरख्याचा घेर मांडीखाली दाबून, आणि डोक्याला त्यांचेही हेल्मेट. आमच्या घरात सुरुवातीला यावर थोडी कुरकूर झाली. एकदा रांजणगावजवळ कंटेनर बाजूने गेल्यानंतर ती मिटली.

पैशांचे बोलू. महिन्याला चार फेऱ्या धरल्या तर ९६० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरू. शंभर सीसी हायवेवर बेताने चालवली तर लिटरला ६० देते : १६ लिटर, १,६८० रुपये. १६० सीसी ४५ देते असे धरले तर २१ लिटरच्या आसपास, २,२४० रुपये. ३५० ला ३५ चा हिशेब आला : जवळजवळ साडेसत्तावीस लिटर, २,८८० रुपये. शंभर आणि साडेतीनशेमध्ये महिन्याला बाराशेचा फरक. वर्षाला साडेचौदा हजारांच्या जवळ. शंभर सीसी मात्र ८० ने ताणली की तिचाही आकडा ५० च्या आसपास येतो, आणि महिन्याची बचत बाराशेवरून साडेआठशेच्या आसपास येते.

विकत घेतानाचा फरक याहून मोठा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याच्या वरच्यांवर ४० लागला. ३४९ सीसीचे इंजिन या रेषेच्या जेमतेम अलीकडे बसते. तरीही रस्त्यावर येईपर्यंत शंभर सीसी नव्वद हजारांच्या आसपास, १६० सव्वा ते दीड लाख आणि ३५० सव्वादोन लाखांच्या पुढे जाते. व्याजाचे कर्ज न घेणाऱ्या घरांत हा आकडा हप्त्यात विरघळत नाही. तो एकदम साठवावा लागतो. आमच्या हिशेबाने १६० आणि ३५० मधल्या फरकात मुलीच्या मेसचे कित्येक महिने निघतात.

तर मग आपली गाडी रस्त्याला अपुरी पडते आहे हे ओळखायचे कसे? मेकॅनिककडे जाण्याआधी ती स्वतःच सांगते. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला आहे आणि तरी वेग वाढत नाही, ही पहिली खूण. दोन तासांनी हाताच्या बोटांना आणि पायांच्या तळव्यांना मुंग्या येतात, ही दुसरी. तिसरी खूण ऑइलची. सलग ताणलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या छोट्या इंजिनात ऑइल तापून पातळ होते आणि थोडे थोडे जळते. दर दोन फेऱ्यांनी गाडी सपाट जागी सरळ उभी करून, इंजिन थंड झाल्यावर दांडी पुसून पातळी पाहावी. खालच्या खुणेपाशी आली तर भरावे, आणि हे वारंवार होऊ लागले तर वेग कमी करावा. आमच्या गाडीत ८० ने केलेल्या दोन फेऱ्यांनंतर पातळी लक्षात येईल इतकी उतरली. ५५-६० ने केलेल्या चार फेऱ्यांत जवळपास तशीच राहिली. गाडी तीच, रस्ता तोच.

यावरून एक ढोबळ माप हाती लागते. गाडीच्या कमाल वेगाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत ती दिवसभर चालवावी. शंभर सीसी ८५ च्या आसपास थांबते, म्हणून तिचा वेग ६०. १६० चा कमाल १०५-११०, म्हणून ७५. साडेतीनशेचा ११५ धरला तर ८०, म्हणजे नेमकी कायद्याची मर्यादा. सव्वाशे सीसी यांच्या मधली, ६५ ची. एकट्याने राहुरी किंवा पाथर्डीपर्यंत रोज जाणाऱ्याला आमच्या मते ती पुरते.

नगर-पुणे, दोघे जण, महिन्यात तीन-चार वेळा, आणि बाकी दिवस गल्लीत व शाळेत : यासाठी आमचे मत १५०-१६० सीसीकडे झुकले. भाचा नाराज आहे. त्याला आम्ही म्हटले, महिन्यातून दोनदा कोल्हापूर-हैदराबाद करणारा असतास तर तुझेच बरोबर होते. चारशे-पाचशे किलोमीटरचा दिवस असला की कमी फेऱ्यांचे इंजिन अंगाला जी विश्रांती देते तिची किंमत होते. २४० साठी ती जरा महाग पडते.

घेण्याआधी चाचणी मात्र नीट घ्यावी. सावेडीच्या सपाट रस्त्यावर एकट्याने अर्धा किलोमीटर फिरवून काही कळत नाही. आम्ही ओळखीच्या माणसाकडून गाडी घेऊन पाथर्डी रस्त्याने चाँदबिबीच्या महालाकडे गेलो. महाल म्हणतात, आहे ती सलाबतखानाची कबर, डोंगरावर, शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर. त्या चढाला मुलांच्या अम्मींना मागे बसवले, डब्याच्या जागी पाच किलो तांदळाची पिशवी बांधली, आणि ५० ने जाताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सावकाश पिळला. वेग वाढला तर ठीक. नुसता आवाज वाढला तर एक गिअर खाली घेऊन पुन्हा तेच. मग वर थांबून अम्मींना विचारले, पाय नीट टेकतात का, हँडल हाताशी येते का, आणि बुरख्याची कड चाकापासून किती दूर राहते. हे शेवटचे आम्ही खाली वाकून स्वतः पाहिले. चार बोटांचे अंतर होते. दुकानदाराला सांगून गार्डला खाली आणखी एक जाळी लावून घेतली, तीनशे रुपयांत.